पहिल्यांदा रेसला जाताना: बँकरोल किती ठेवायचा आणि एक युनिट केवढं धरायचं

सोलापुरात बसून फोनवर पैसे लावायचा विचार असेल, तर तो आधी सोडा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. क्रिकेटचा सट्टा आणि मटक्याची चिठ्ठी तर महाराष्ट्रात आधीपासूनच बेकायदा आहे. यातल्या कुठल्याही ठिकाणी तुम्ही जिंकलात आणि समोरच्याने हात वर केले, तर तक्रार घेऊन जायला जागा नाही. घोड्यांच्या शर्यतीचं तसं नाही. शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं, आणि मुंबईत महालक्ष्मीला व पुण्यात कॅम्पात रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या रेसकोर्सवर परवान्याने पैसे लावता येतात. पुण्याचा मोसम पावसाळ्यात असतो. त्यामुळे सोलापूरच्या नव्या माणसासाठी रस्ता सरळ आहे: सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुणे, दुपारी रेसकोर्स, संध्याकाळी सहाच्या हुतात्माने परत.

कुठला घोडा घ्यावा, याबद्दल या लेखात एक अक्षर नाही. ते सांगणारे पुण्याच्या रेसकोर्सवरच्या स्टँडमध्ये पावलापावलावर भेटतात, आणि तेही फुकटात. इथे फक्त दोन आकडे ठरवायचे आहेत. एक म्हणजे या खेळासाठी वेगळी काढलेली एकूण रक्कम, म्हणजे बँकरोल. दुसरा म्हणजे एका शर्यतीवर लावायची ठरलेली रक्कम, म्हणजे युनिट. हे दोन्ही आकडे सोलापुरातच, वहीत ठरले पाहिजेत. तिकिटाच्या खिडकीसमोर उभं राहून ठरवलेलं युनिट शर्यतीगणिक बदलतं, आणि जे शर्यतीगणिक बदलतं त्याला युनिट म्हणत नाहीत.

आधी शिल्लक खरी आहे का ते बघा

एक उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणारा एक तरुण आहे. हातात पगार येतो ३१,००० रुपये. घरखर्चाला १६,०००, गाडीचा हप्ता ३,१००, विम्याचा हप्ता १,४००, भिशी २,०००, पेट्रोल-मोबाइल-चहापाणी ३,०००. एकूण २५,५००. उरले साडेपाच हजार, आणि हीच आपली शिल्लक असं त्याला वाटतं.

ती नाही. वर्षातून एकदा येणारे खर्च यात धरलेलेच नाहीत. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आणि त्या निमित्ताने घरी येणारे पाहुणे, दिवाळीचे कपडे, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, दोन-चार लग्नांचे आहेर. त्याच्याच अंदाजाने हे वर्षाला १८,००० होतात, म्हणजे महिन्याला १,५००. ते वजा केल्यावर उरतात ४,०००. खरी शिल्लक ही.

अजून एक चाळण आहे. तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे त्याच्या हिशेबात साधारण ७६,५०० रुपये, आजारपण किंवा नोकरीतल्या खंडासाठी बँकेत पडून आहेत का? असतील तर पुढे जा. नसतील तर हे चार हजार तिकडे जातील आणि बँकरोल शून्य राहील. इथे मधला मार्ग काढू नये. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा हातउसने घेतलेले पैसे डोक्यावर असतील, तरी उत्तर शून्यच.

भिशी लागली किंवा दिवाळीचा बोनस आला की हा सगळा हिशेब विसरायचा मोह होतो. भिशीचे पैसे म्हणजे तुमचेच भरलेले आणि पुढेही भरायचे असलेले पैसे. ती शिल्लक नव्हे. बोनसचं बहुतेक घरांत आधीच ठरलेलं असतं. बँकरोल फक्त महिन्याच्या खऱ्या शिल्लकीतून, हळूहळू उभा करायचा.

बँकरोल: शिल्लकीचा दहावा हिस्सा, सहा महिने

पहिल्या मोसमासाठी मी शिल्लकीच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. आपल्या उदाहरणात महिन्याला ४०० रुपये. जानेवारी ते जून सहा महिने बाजूला टाकले की पुण्याचा मोसम सुरू होण्याआधी २,४०० जमतात. हाच बँकरोल. एकदम पगारातून अडीच हजार उचलले तरी आकडा तोच दिसेल, पण सहा महिने साठवण्यात एक परीक्षा आहे: ज्या महिन्यात ४०० काढता आले नाहीत, त्या महिन्यात तुमची शिल्लक चार हजार नव्हतीच. म्हणजे वरचा हिशेब पुन्हा मांडायला हवा.

आता कडू भाग. या २,४०० रुपयांकडे गुंतवणूक म्हणून बघू नका. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा आधी निघतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. त्यावर जीएसटी आहे. आधी तो लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. नफ्यावर नव्हे, लावलेल्या रकमेवर. एवढा भार डोक्यावर असताना, युनिट कितीही शहाणपणाने ठरवलं तरी तोट्याचा खेळ नफ्याचा होत नाही. युनिटचं काम वेगळं आहे: पैसे किती वेगाने संपतील ते आपल्या हातात ठेवणं, आणि एका वाईट दिवसाची झळ घरापर्यंत जाऊ न देणं. मोसमाअखेर हे २,४०० गेले तर घरातल्या कुणाच्याही लक्षात येऊ नये, एवढाच तो आकडा असावा.

रेल्वेचं तिकीट, प्रवेश, जेवण आणि रिक्षा हे बँकरोलमध्ये धरू नका. पण त्याच चार हजारांतून मनोरंजनाचा खर्च म्हणून ते वेगळे नक्की काढा. एका फेरीला सहाशे रुपये धरले, तर ते खिडकीवर लावलेल्या पैशांपेक्षा जास्त भरतात. सोलापूरकराची खरी अडचण इथे आहे. पुण्यातला माणूस दोन शर्यती बघून घरी जाऊ शकतो. आपण अडीचशे किलोमीटर गेलेलो असतो, आणि ‘एवढ्या लांब आलोय तर’ या चार शब्दांनी हात खिशात जातो. सहाशे रुपये गेले ते सहलीचे गेले. ते घोड्याकडून वसूल करायचे नसतात.

युनिट: दोन टक्के, खालच्या बाजूला सोडून

२,४०० चे दोन टक्के म्हणजे ४८ रुपये. नवख्याने एक ते दोन टक्क्यांतच राहावं. बँकरोल लहान असल्यामुळे आपण वरचं टोक घेतोय, इतकंच.

आता हे ४८ रुपये खिडकीवरच्या तिकिटात बसवायचे आहेत. टोटचा भाव दहा रुपयांच्या तिकिटावर जाहीर होतो, म्हणून दहाच्या पटीत विचार करा. मोजायची ती खिशातून प्रत्यक्ष जाणारी रक्कम, कर धरून. कर वर लागत असेल तर ३० रुपयांच्या तिकिटाला ४२ जातात आणि ४० च्या तिकिटाला ५६. छप्पन्न हे ४८ च्या वर आहे, म्हणून ३० चं तिकीट, म्हणजे युनिट ४२ रुपये. कर तिकिटातच धरलेला असेल तर ४० चं तिकीट घ्या. जवळचा आकडा म्हणून वर सरकायचं नाही, नेहमी खालीच सोडायचं. खिडकीवरचं सर्वांत लहान तिकीटच तुमच्या युनिटपेक्षा मोठं निघालं, तर तो दिवस नुसता बघण्याचा. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये फिरवले जाणारे घोडे बघायला वेगळे पैसे पडत नाहीत.

बुकींच्या रिंगकडे पहिल्या मोसमात जाऊ नका. तिथे भाव फळ्यावर लिहिलेला दिसतो आणि तो मिळाला की पक्का होतो, ही त्यांची जमेची बाजू. पण तिथल्या रकमा आपल्या युनिटच्या जगातल्या नसतात.

४२ रुपयांच्या हिशेबाने २,४०० मध्ये ५७ युनिटं बसतात. पन्नासच्या वर कशाला हवीत, तर हरण्याच्या रांगेसाठी. समजा तुम्ही बऱ्यापैकी निवड करता आणि दहातली तीन तिकिटं लागतात. तरीही पन्नास तिकिटांच्या प्रवासात कधीतरी सलग दहा तिकिटं कोरी जाण्याची शक्यता दहातली तीन आहे. हे दुर्दैव नाही, हा नेहमीचा हिशेब आहे. ४२ च्या युनिटवर अशा रांगेत ४२० रुपये जातात आणि जवळपास दोन हजार हातात राहतात. दहा टक्क्यांचं, म्हणजे २४० रुपयांचं युनिट धरलेल्याचा बँकरोल त्याच रांगेत साफ होतो. तोही दोन दिवसांत.

एका दिवसाची मर्यादा

एका दिवसात पाच युनिटं, म्हणजे २१० रुपये. मोसमात चार फेऱ्या धरल्या तर वीस तिकिटं आणि ८४० रुपये. सगळीच्या सगळी हरली तरी दीड हजाराहून जास्त उरतात आणि पुढच्या मोसमाला बँकरोल नव्याने साठवावा लागत नाही. दिवसाचे २१० रुपये सोलापुरातच सुटे करून शर्टाच्या खिशात ठेवा. परतीचं तिकीट आधीच काढलेलं असू द्या. जेवणाचे पैसे दुसऱ्या खिशात. पगाराच्या खात्याला जोडलेलं यूपीआय अ‍ॅप फोनमधून दिवसभरासाठी काढून टाकलं तर उत्तम. लोक हसतील. हसू द्या.

पाच युनिटं असली म्हणजे पाचही लावलीच पाहिजेत असं नाही. कार्डावर सात-आठ शर्यती असतात, त्यातल्या दोन-तीन सोडायच्याच आहेत. आणि जिंकलेले पैसे शर्टाच्या खिशात परत जात नाहीत. ते जेवणाच्या खिशात जातात आणि रात्री पाकिटात. शर्टाचा खिसा रिकामा झाला की दिवस संपला, मग दुसऱ्या खिशात कितीही असोत.

एक दिवस प्रत्यक्षात असा जातो

हिशेब कळावा म्हणून हा मांडलेला दिवस आहे. पाच तिकिटं, प्रत्येकी ३० रुपयांची, कर धरून ४२.

पहिली शर्यत सोडली. दुसरीत फेव्हरिटवर, म्हणजे सर्वांत जास्त पैसा पडलेल्या घोड्यावर, विनचं तिकीट घेतलं. घोडा पहिला आला तरच ते लागतं. घोडा चौथा आला. ४२ गेले.

तिसऱ्या शर्यतीत प्लेसचं तिकीट, म्हणजे घोडा पहिला नाही आला तरी पुढच्या काहींत आला की लागणारं. घोडा दुसरा आला, म्हणजे तिकीट लागलं. प्लेसचा भाव जाहीर झाला दहाला १३. तीस रुपयांच्या तिकिटाचे मिळाले ३९. खिशातून गेले होते ४२. तिकीट लागूनही तीन रुपयांचा तोटा! हे नव्या माणसाला पहिल्यांदा कळतं तेव्हा तो खिडकीवरच्या माणसाशी भांडायला उठतो. कर वर लागत असेल तर दहाला १४ च्या खाली आलेला प्रत्येक भाव म्हणजे तोटा, हे आधीच माहीत असलं पाहिजे. खूप पैसा पडलेल्या फेव्हरिटचा प्लेस ‘सुरक्षित’ म्हणून घ्यायचा, ही नवख्यांची आवडती सवय इथेच महाग पडते.

चौथीत विन लागला. भाव दहाला ३८, म्हणून तिसाचे ११४ हातात. सहावी आणि सातवी दोन्ही कोऱ्या, पाचवी सोडलेली.

एकूण गेले २१०, आले १५३, तोटा ५७. पाचातली दोन तिकिटं लागली, स्टँडमध्ये दोनदा ओरडायला मिळालं, आणि तरी दिवस तोट्याचा. वहीत हे युनिटमध्ये लिहा: उणे १.४. रुपयांत लिहिलं की मन ‘फक्त सत्तावन्न’ म्हणून मोकळं होतं किंवा उलट अडून बसतं. युनिटमध्ये लिहिलं की पुढच्या वर्षी युनिट बदललं तरी दोन मोसमांची तुलना करता येते. वहीत रकाने पाचच पुरतात: शर्यत, तिकिटाचा प्रकार, गेलेली रक्कम, जाहीर झालेला भाव, आलेली रक्कम. परतीच्या गाडीत दौंड यायच्या आत हे लिहून होतं, आणि तिथेच लिहिलेलं बरं. घरी पोचेपर्यंत हरलेली तिकिटं आठवणीतून गळायला लागतात.

युनिट मोडतं कुठे

पहिली जागा म्हणजे दुप्पट लावणं. हरलो की पुढच्या शर्यतीवर डबल, म्हणजे एकदा लागलं की सगळं वसूल, असं सांगणारा माणूस प्रत्येक चहाच्या टपरीवर असतो. ४२, ८४, १६८, ३३६, ६७२. पाच तिकिटांत १,३०२ रुपये गेले, उरले १,०९८, आणि सहावं तिकीट १,३४४ चं हवं. ते काढताच येत नाही. दहात तीन तिकिटं लागणाऱ्या माणसाची कुठलीही सलग पाच तिकिटं कोरी जाण्याची शक्यता सहात एक आहे. म्हणजे हा प्रसंग एकाच मोसमात सहज येऊन गाठतो.

दुसरी जागा जास्त फसवी आहे, कारण तिथे युनिट मोडल्याचं कळतच नाही. तानाला नावाच्या तिकिटात पहिले तीन घोडे क्रमाने सांगायचे असतात. चार घोडे निवडून त्यांच्या सगळ्या जुळण्या घ्यायच्या म्हटलं तर २४ तिकिटं होतात. दहाचं एकेक धरलं तरी २४० रुपये आणि वर कर लागला तर ३३६. म्हणजे ‘दहाच रुपयांचं तिकीट’ म्हणता म्हणता एका शर्यतीवर आठ युनिटं गेली, दिवसाच्या मर्यादेपेक्षा जास्त. क्विनेलात पहिले दोन घोडे कुठल्याही क्रमाने चालतात, पण तिथेही चार घोड्यांच्या सहा जोड्या होतात. नियम असा धरा की एका शर्यतीवर सगळ्या तिकिटांचा मिळून खर्च एक युनिट. त्यात जुळण्या बसत नसतील तर घोडे कमी करा. पहिल्या मोसमात विन आणि प्लेस पुरे.

तिसरी जागा ‘आजची खात्रीची टिप’. नेहमीच्या खेळातले लोक आवडत्या तिकिटावर दोन-तीन युनिटं लावतात, हे खरं. पण त्यांच्याकडे कित्येक मोसमांच्या वह्या असतात आणि आपली खात्री किती वेळा खरी ठरली ते त्यांना आकड्यात माहीत असतं. तुमच्याकडे अजून एकही वही भरलेली नाही. तोवर प्रत्येक तिकीट एकच युनिट.

युनिट कधी बदलायचं

दर शर्यतीनंतर दोन टक्के नव्याने काढत बसू नका. मोसमभर एकच आकडा चालू द्या. अपवाद एकच, आणि तो खालच्या दिशेचा: बँकरोल अर्ध्यावर, म्हणजे १,२०० वर आला, तर दोन टक्के होतात २४ रुपये. कर धरून २० चं तिकीट २८ ला पडतं, ते बसत नाही, म्हणून १० चं तिकीट घ्यावं लागेल. ते फारच किरकोळ वाटत असेल तर उरलेला मोसम थांबा. वरून नवे पैसे घालून युनिट टिकवायचं नाही.

वाढला तर? समजा एखादं मोठं तिकीट लागलं आणि बँकरोल ३,६०० झाला. मोसम संपेपर्यंत युनिट ४२ च. रक्कम मोठी असेल तर कराचं भान ठेवा: शर्यतीतल्या जिंकण्यावर आयकर सरळ ३० टक्के आणि वर उपकर, आणि हरलेली तिकिटं त्यातून वजा करता येत नाहीत. दहा हजारांच्या वरच्या जिंकण्यावर तो आधीच कापून हातात देतात. त्याहून कमी असेल तर कापत नाहीत, पण विवरणपत्रात दाखवायचं असतंच.

काही खुणा मात्र हिशेबाच्या पलीकडच्या आहेत. मोसम नसताना मुंबईच्या किंवा बेंगळुरूच्या शर्यतीवर फोनवरून कुणाकडे तरी लावून बघावं असं वाटू लागणं. भिशीचा हप्ता एक महिना पुढे ढकलणं. फेरीचा खर्च घरी कमी करून सांगणं. वही लिहायची टाळणं, विशेषतः हरलेल्या दिवशी. यातली एकही खूण दिसली तर बँकरोल उरलेला असला तरी बँकेत परत भरा आणि घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा. हात थांबत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोलता येतं, मराठीतही.

मोसम संपला की वही घेऊन बसा आणि दोन बेरजा करा. एकूण किती युनिटं लावली, आणि एकूण किती युनिटं परत आली. वीस लावून चौदा आली, तर सहा युनिटं म्हणजे २५२ रुपये खिडकीवर गेले. त्यात चार फेऱ्यांचे २,४०० मिळवा. पुण्याच्या या चार दिवसांची किंमत २,६५२ रुपये पडली. ती तुम्हाला पटत असेल तर उरलेल्या २,१४८ वर पुढच्या वर्षीचं युनिट नव्याने काढा: दोन टक्के ४३ रुपये, म्हणजे तिकीट पुन्हा तीसचंच.